चिन्नोरची शिरोरेषा तोडू नका: मराठी हेडिंग मोकळं कसं करायचं

भंडारा जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तुमच्यापैकी बरेच जण स्वतःच्या ब्रँडने एक किलो, पाच किलोची पाकिटं काढायच्या तयारीत आहेत. म्हणून आज फक्त पाकिटावरच्या एका ओळीबद्दल बोलू: "भंडारा चिन्नोर तांदूळ".

होतं असं की आपण तयार टेम्प्लेट घेतो. त्यात इंग्रजी कॅपिटल अक्षरं लांब लांब ठेवलेली असतात, B H A N D A R A अशी. दिसायला महागडं वाटतं. आपण तिथे मराठी टाकतो, पण `Letter spacing` चा आकडा तसाच राहतो. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं उभं असतं, त्यामुळे ते चालतं. मराठीत सगळी अक्षरं एका शिरोरेषेला लटकलेली असतात, आणि ती रेघ कुठे तुटली यावरूनच डोळ्याला कळतं की शब्द संपला. रेघ प्रत्येक अक्षराला तुटली की "भंडारा"चं "भं डा रा" होतं. दुकानाच्या मांडणीवर, चार हात लांबून, ते तीन वेगळे शब्द वाटतात.

पण खरी गडबड याच्या पुढची आहे. "चिन्नोर" घ्या. आपल्याला दिसतात तीन अक्षरं: चि, न्नो, र. कॉम्प्युटरमध्ये मात्र साठवलेले असतात सात तुकडे: च, वेलांटी, न, हलन्त, न, ओकार, र. सॉफ्टवेअर शहाणं असेल तर ते जागा तीन अक्षरांच्या मध्येच टाकतं, म्हणजे नुकसान फक्त शिरोरेषेचं. ते शहाणं नसेल तर जागा अक्षराच्या पोटात शिरते. मग अर्धा न पुढच्या न पासून सुटतो, किंवा जोडाक्षर फुटून पाय मोडलेला "न्" दिसतो.

जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरले तर आणखी वाईट. आपल्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानांत ते अजून सर्रास चालतात. त्या फाँटमध्ये काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येक वेगळं अक्षर म्हणूनच टाइप होतं. ऑपरेटरने ओळ ताणली की मात्रा आपल्या अक्षरावरून सरकून शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसते. त्याचा काही दोष नाही बरं का, तो इंग्रजीच्या सवयीने ओळ "भरून" देतो.

वेबसाइटवर इलाज सोपा आहे. थीमने हेडिंगला अंतर दिलं असेल तर मराठीपुरतं ते काढून टाका:

```css
h1:lang(mr), h2:lang(mr) {
  letter-spacing: normal;
  word-spacing: 0.15em;
  line-height: 1.4;
}
```

यात अक्षरांमधलं अंतर शून्यावर आलं आणि मोकळेपणा दोन शब्दांच्या मध्ये व दोन ओळींच्या मध्ये गेला. ओळींमधली जागा मराठीला जास्तच लागते, कारण वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार असतात. एक अट आहे: पानाची भाषा `lang="mr"` अशी नोंदलेली हवी, नाहीतर हा नियम लागूच होत नाही. आणि थीमचा स्वतःचा नियम जास्त जोरकस असेल तर हेडिंगचा क्लासही पुढे जोडावा लागेल.

पाकिटावर काय करायचं? `Letter spacing` शून्य करा. उणे आकडाही नको, त्याने काने एकमेकांवर चढतात. रुंदी भरायची असेल तर अक्षर मोठं करा, किंवा मुक्ता, बलू अशा फाँटमधलं जाड वजन घ्या. तरी ओळ तोकडी वाटली तर दोन ओळी करा: वर लहान "भंडारा", खाली मोठं "चिन्नोर तांदूळ". बाजूला रिकामी जागा राहू द्या, माझ्या मते ती ताणलेल्या अक्षरांपेक्षा नेहमीच चांगली दिसते.

आणि लोगोत अक्षरं लांबच हवी असतील तर? मग मजकुराचे कर्व्ह करून घ्या, "न्नो" सारखं पूर्ण अक्षर एकत्र गट करून हलवा, आणि मधल्या फटीत शिरोरेषेच्याच जाडीची पट्टी काढून रेघ जोडा. हाताचं काम आहे, एका नावाला परवडतं. सगळ्या मजकुराला नाही.

छपाईला हो म्हणण्याआधी प्रूफ पीडीएफमध्ये मागवा आणि चारशे टक्के मोठं करून बघा. "चिन्नोर"ची शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने फिरवा, मग वेलांटी च ला चिकटलेली आहे का आणि "तांदूळ"चा अनुस्वार नेमका "ता"वर आहे का ते पाहा. "शुद्ध", "प्रसिद्ध" असे शब्द असतील तर द्ध नीट जुळलंय ना, तेही. लॅमिनेटेड पाकिटांसाठी प्रत्येक रंगाचा सिलिंडर कोरतात, आणि तो एकदा कोरला की त्यातली वेलांटी सरकवता येत नाही. नवा सिलिंडर, नवा खर्च.