बंद भावावरचा निर्णय आणि सकाळचा गॅप

दिवसाचा बंद भाव पाहून शेअर घेणारा किंवा विकणारा गुंतवणूकदार दिवसातून एकदाच निर्णय घेतो. शेअर गेल्या वीस दिवसांतल्या सर्वोच्च भावाच्या वर बंद झाला तर घ्यायचा, ठरलेल्या पातळीच्या खाली बंद झाला तर विकायचा, अशा धर्तीचे त्याचे नियम असतात. नोकरी-धंदा सांभाळून हे जमते, म्हणून ही पद्धत अनेकांना सोयीची वाटते. अडचण एवढीच, की बंद भाव कळतो तेव्हा बाजार बंद झालेला असतो. राष्ट्रीय शेअर बाजारात वर्षानुवर्षे चालत आलेल्या पद्धतीत नेहमीचे सौदे दुपारी 3:30 ला थांबतात आणि बंद भाव म्हणून 3 ते 3:30 या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी धरली जाते. ज्या भावाला जास्त शेअर फिरले, त्याचे वजन या सरासरीत जास्त. त्यामुळे 3:29 ला पडद्यावर दिसणारा भाव आणि नंतर जाहीर होणारा बंद भाव यांत थोडा फरक पडतो, आणि पातळी अगदी जवळ असली तर तेवढ्या फरकानेही निर्णय फिरतो. पुढे 3:40 ते 4 या वेळात बंद भावालाच सौदा करण्याची सोय असते, पण त्यासाठी समोर कोणीतरी तयार असावे लागते. बहुतेकांच्या हाती उरते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि तिच्यासाठी आधी ठरवून ठेवलेली ऑर्डर.

ही ऑर्डर मुख्यतः तीन प्रकारची असते. पहिली लिमिट ऑर्डर. 'या भावाला किंवा याहून स्वस्त मिळाला तर घ्या', 'या भावाला किंवा याहून महाग गेला तर विका', असा तिचा अर्थ. समजा एक शेअर 500 रुपयांना बंद झाला, खरेदीचा नियम पूर्ण झाला आणि रात्री 500 ची लिमिट लावली. सकाळी शेअर 520 ला उघडला आणि वरच राहिला, तर खरेदी होत नाही. जे शेअर सुसाट वर जातात, ते नेमके हातातून निसटतात. दुसरी शक्यता कमी लक्षात घेतली जाते. रात्रीतून वाईट बातमी आली आणि शेअर 480 ला उघडला, तर ही ऑर्डर लगेच पुरी होते, तीही 480 ला. भाव स्वस्त मिळाला खरा, पण ज्या कारणासाठी शेअर घ्यायचा होता ते कारण आता उरलेले नसते. नुसत्या लिमिटवर विसंबणाऱ्याच्या वाट्याला दमदार शेअर कमी आणि लंगडे जास्त येतात, ते यामुळे.

दुसरी स्टॉप ऑर्डर. तिला ट्रिगर भाव असतो. बाजारातला सौदा त्या भावाला पोहोचेपर्यंत ती निजलेली असते. पोहोचला की जागी होते आणि मिळेल त्या भावाला सौदा करते. विक्रीची स्टॉप चालू भावाच्या खाली लावतात आणि तिलाच सगळे स्टॉपलॉस म्हणतात. खरेदीची स्टॉप चालू भावाच्या वर लावतात: शेअरने कालचा उच्चांक ओलांडला तरच घ्यायचा, अशा वेळी ती कामी येते. तिसरी स्टॉप-लिमिट. तिला दोन भाव असतात, एक जागे होण्याचा आणि दुसरा सौद्याची मर्यादा ठरवणारा. ट्रिगर 870 आणि लिमिट 865 अशी विक्रीची ऑर्डर असेल, तर भाव 870 ला आला की ती जागी होते, पण 865 च्या खाली विकत नाही. लिमिट 865 ठेवली म्हणजे शेअर 865 लाच विकला जाईल, हा गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. बाजारात 869 ला घेणारा असेल तर 869 च मिळतात. 865 हा फक्त तळ असतो.

ब्रोकरच्या पडद्यावर स्टॉप-लिमिटला SL आणि साध्या स्टॉपला SL-M म्हणतात. साध्या स्टॉपची वाट भारतात हळूहळू अरुंद होत गेली. राष्ट्रीय शेअर बाजाराने 2021 मध्ये ऑप्शन्समध्ये SL-M बंद केली आणि मुंबई शेअर बाजाराने ऑक्टोबर 2023 पासून ती घेणेच थांबवले. मिळेल त्या भावाला विका असे सांगणारी ऑर्डर उथळ बाजारात भलत्याच भावाला जाऊन बसते, हे त्यामागचे कारण. परिणामी छोट्या गुंतवणूकदाराच्या हाती बहुतेक वेळा स्टॉप-लिमिटच येते. ब्रोकरकडे महिनोन्महिने राहू शकणारी GTT ही सोयही मुळात तशीच आहे: ट्रिगर लागला की ब्रोकर बाजारात लिमिट ऑर्डर पाठवतो.

या सगळ्या ऑर्डरींमागे एक गृहीत असते, की भाव एका पातळीवरून दुसरीवर जाताना मधल्या सगळ्या पातळ्यांवरून जाईल. बाजार चालू असताना ते बऱ्याच अंशी खरे ठरते. रात्री मात्र सौदे होत नाहीत आणि बातम्या येत राहतात. तिमाही निकाल, रिझर्व्ह बँकेचा आदेश, अमेरिकी बाजारातली पडझड, हे बऱ्याचदा बाजार बंद असताना येते. सकाळी 9 वाजता सुरू होणाऱ्या प्री-ओपन सत्रात खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी गोळा होतात आणि जास्तीत जास्त शेअर ज्या एका भावाला फिरू शकतील, तो उघडण्याचा भाव ठरतो. कालचा बंद भाव आणि हा भाव यांच्यामध्ये जे काही होते तिथे एकही सौदा झालेला नसतो. त्यालाच गॅप म्हणतात. स्टॉपलॉस ऑर्डरी या सत्रात घेतल्याही जात नाहीत. त्यांची पाळी 9:15 ला नेहमीचे सौदे सुरू झाल्यावर येते.

इंडसइंड बँकेच्या शेअरने मार्च 2025 मध्ये याचे ढळढळीत उदाहरण दिले. सोमवार, 10 मार्चला तो 900 रुपयांच्या आसपास बंद झाला. त्या संध्याकाळी बँकेने जाहीर केले, की डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या हिशेबात तफावत आढळली असून तिचा फटका निव्वळ मूल्याच्या सुमारे 2.35 टक्के इतका असेल. मंगळवारी सकाळी शेअर सुमारे दहा टक्के खाली, 810 च्या आसपास उघडला आणि दिवसअखेर 656 च्या आसपास बंद झाला. एका दिवसात सुमारे 27 टक्के.

आता 900 ला शेअर हातात असलेला आणि शेअरमागे तीस रुपयांपलीकडे तोटा न सोसण्याचे ठरवलेला गुंतवणूकदार कल्पनेने उभा करून पाहू. 870 ट्रिगर आणि 865 लिमिट अशी त्याची विक्रीची ऑर्डर होती. बाजार उघडताच पहिला सौदा 870 च्या खूप खाली झाल्याने ट्रिगर लागला आणि ऑर्डर जागी झाली. पण तिला 865 च्या खाली विकायचे नाही, आणि बाजारात 865 ला घेणारा कोणी नाही. ती दिवसभर तशीच पडून राहिली आणि शेअर 656 वर गेला. संरक्षणासाठी लावलेली ऑर्डर लागली, पण विक्री झाली नाही. त्याच जागी SL-M असती, तर शेअर 810 ला किंवा त्याहून खाली, जिथे घेणारा भेटला तिथे विकला गेला असता. तीसच्या जागी नव्वद किंवा त्याहून जास्त रुपयांचा तोटा झाला असता, पण माणूस बाहेर पडला असता.

यावर ट्रिगर आणि लिमिट यांच्यात ऐसपैस अंतर ठेवण्याचा उपाय सुचवला जातो. तो योग्य आहे, कारण वर सांगितल्याप्रमाणे खालची लिमिट म्हणजे खालचा भाव नव्हे. पण त्यालाही हद्द आहे. कोणत्याही शेअरला दिवसाचा भावपट्टा असतो आणि त्याबाहेरची लिमिट बाजार स्वीकारत नाही. इंडसइंडसारख्या वायदे बाजारातल्या शेअरला पक्के सर्किट नसते, तरी सुरुवातीचा पट्टा दहा टक्क्यांचाच असतो आणि तो पुढे टप्प्याटप्प्याने सैल केला जातो. म्हणजे त्या सकाळी लिमिट फार तर 810 च्या आसपास नेता आली असती, आणि बाजार तर तिथेच उघडला. पाच टक्क्यांचे पक्के सर्किट असलेल्या छोट्या शेअरची गत आणखी वाईट. लोअर सर्किटला विकणाऱ्यांची रांग असते, घेणारा एकही नसतो, आणि तिथे कोणत्याच प्रकारची ऑर्डर उपयोगी पडत नाही.

खरेदीच्या बाजूला गॅपचे दुखणे उलटे असते. 505 ट्रिगर लावलेली साधी खरेदीची स्टॉप शेअर 540 ला उघडला तर 540 च्या आसपास भरली जाते, आणि 485 चा स्टॉपलॉस गृहीत धरून केलेले गणित कोलमडते: वीस रुपयांच्या जोखमीचे पंचावन्न रुपये होतात. इथे मात्र स्टॉप-लिमिटच शहाणपणाची. 505 ट्रिगर आणि 510 लिमिट असेल तर सौदा हुकतो, पण हुकलेल्या सौद्यात पैसे जात नाहीत. आत शिरताना लिमिट हवी आणि बाहेर पडताना ती शक्य तितकी सैल हवी.

गॅपचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे खोटा गॅप. एकास एक बोनस मिळाल्यावर 1,000 चा शेअर ठरलेल्या दिवशी 500 च्या आसपास उघडतो. त्यात कोणाचे नुकसान झालेले नसते, पण 930 ला लावून विसरलेली GTT त्याला पडझड समजू शकते. बोनस, शेअर विभाजन आणि मोठ्या लाभांशाच्या तारखा आल्या की जुन्या GTT काढून नव्या भावाने लावाव्यात.

ऑर्डर फसली आहे हे ओळखणे अवघड नसते. ब्रोकरच्या ऑर्डर बुकमध्ये निजलेल्या स्टॉपसमोर साधारणपणे TRIGGER PENDING लिहिलेले असते आणि सौदा झाला की COMPLETE. 9:15 नंतर तिथे OPEN दिसत असेल, तर ट्रिगर लागला आहे आणि विक्री झालेली नाही. विक्रीसाठी डिमॅट खात्याची मंजुरी दिलेली नसेल तर ऑर्डर REJECTED ही होऊ शकते. त्याआधी 9:10 च्या सुमाराला प्री-ओपनचा ठरलेला भाव पाहता येतो. तो स्वतःच्या लिमिटच्या खाली असेल, तर 9:15 ला ऑर्डर अडकणार हे पाच मिनिटे आधीच कळलेले असते आणि लिमिट खाली आणायला तेवढा वेळ पुरतो.

उरतो प्रश्न किती शेअर घ्यावेत याचा. शेअरमागे तीस रुपयांचा स्टॉपलॉस आणि एका सौद्यात 2,000 रुपयांपर्यंत तोटा असा हिशेब करणारा 900 च्या भावाने 66 शेअर घेईल. इंडसइंडच्या त्या मंगळवारी 810 ला सुटला असता तर त्याचे 5,940 रुपये गेले असते, आणि 656 पर्यंत अडकून राहिला असता तर 16,104. निकाल जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी संख्या निम्मी केली तर हे दोन्ही आकडे निम्मे होतात. रात्रीच्या गॅपवर एवढा हुकमी परिणाम करणारी ऑर्डर बाजारात मिळत नाही.