गाडी सांभाळून घेईल, पण कोर्टात उभं कोण राहील?

एप्रिल २०१९ मधली गोष्ट. अमेरिकेत फ्लोरिडातल्या की लार्गो इथं रात्री एक टेस्ला मॉडेल एस ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगानं चालली होती. ‘ऑटोपायलट’ चालू होतं. चालकाच्या हातातला फोन खाली पडला आणि तो उचलायला वाकला. समोर रस्ता संपून आडवा रस्ता लागत होता, तरी गाडी थांबली नाही. पलीकडं उभ्या असलेल्या एसयूव्हीवर ती आदळली. एसयूव्हीजवळ उभी असलेली २२ वर्षांची तरुणी ठार झाली, तिचा मित्र गंभीर जखमी झाला.

चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. पेडल दाबलेलं असताना त्या गाडीचा क्रूझ कंट्रोल ब्रेक लावत नाही. म्हणून सगळा दोष चालकाचा, असं कंपनीचं म्हणणं होतं. फिर्यादींचा मुद्दा वेगळा होता: ही यंत्रणा मुख्यतः महामार्गांसाठी केलेली असताना कंपनीनं ती अशा रस्त्यावर चालू का होऊ दिली, आणि चालकांना तिच्यावर इतकं विसंबायला का लावलं? ऑगस्ट २०२५ मध्ये ज्युरीनं ६७ टक्के दोष चालकावर आणि ३३ टक्के कंपनीवर ठेवला. कंपनीच्या वाट्याला सुमारे २४.३ कोटी डॉलर आले. त्यातले २० कोटी दंडात्मक भरपाईचे होते. कंपनीनं अपील करणार असल्याचं सांगितलं.

आपल्याकडच्या गाड्यांत ‘एडास’ या नावानं मिळतं ते साधारण याच जातीचं. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, पट्ट्यांमध्ये गाडी ठेवणारा लेन असिस्ट आणि आपोआप लागणारा ब्रेक, हे त्याचे मुख्य भाग. यांना ‘लेव्हल २’ म्हणतात. म्हणजे स्टिअरिंग आणि वेग यांत गाडी मदत करते, पण रस्त्यावर लक्ष ठेवण्याचं काम सतत चालकाचंच असतं.

ही यंत्रणा नेमकी कुठं चुकते? रडार समोरच्या वस्तूचा वेग मोजतं. आपण शंभरच्या वेगानं जात असलो, तर उभा ट्रक आपल्याकडं शंभरच्याच वेगानं येताना दिसतो. पण कठडा, पाटी आणि पूलही तसेच दिसतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर गाडी चालवणंच अशक्य होईल. म्हणून अनेक यंत्रणा स्थिर वस्तूंच्या संकेतांना कमी महत्त्व देतात आणि कॅमेऱ्यानं खात्री केली तरच ब्रेक लावतात. पुढची गाडी अचानक लेन बदलून बाजूला होते आणि तिच्या आड बंद पडलेला, मागचे दिवे नसलेला ट्रक असतो, अशा वेळी यंत्रणेला फार थोडा वेळ मिळतो. लेन असिस्टला तर स्वच्छ पट्टे लागतात. पट्टे पुसलेले असले किंवा पावसानं काच धूसर झाली, की तो गप्प बसतो. डॅशबोर्डवरचं हिरवं चिन्ह करडं झालं, तर मदत थांबली असं समजावं. प्रत्येक गाडीत चिन्हं वेगळी असतात, म्हणून मॅन्युअलमधलं ते पान आधी वाचावं.

आता आपल्या कायद्याकडं येऊ. अपघातात कुणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली हलगर्जीपणाचा गुन्हा चाक हाती असलेल्या माणसावर येतो. त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. ‘क्रूझवर होती’ हे उत्तर त्याला वाचवण्याची शक्यता कमी, कारण लक्ष ठेवणं हे त्याचंच काम होतं. मृताच्या घरच्यांना मात्र यंत्रणेचा दोष सिद्ध करत बसावं लागत नाही. ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात आणि भरपाई सहसा गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून येते.

कंपनीला जाब विचारायचा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे. रचनेतला दोष किंवा धोक्याचा पुरेसा इशारा न देणं, या दोन्हींसाठी उत्पादक जबाबदार धरला जातो. एअरबॅग न उघडल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ह्युंदाईचं अपील फेटाळलं. एअरबॅग नेमक्या कोणत्या वेगाला, किती जोराच्या धडकेत उघडते, हे सामान्य ग्राहकानं पदार्थविज्ञानातून काढावं अशी अपेक्षा करता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. ‘एडास’च्या दाव्यातही हाच मुद्दा कामी येऊ शकतो. पण मॅन्युअलमध्ये मर्यादा स्पष्ट लिहिलेली असेल, किंवा ग्राहकानं कॅमेऱ्यासमोर काच बदलून, ग्रिलवर सजावट लावून यंत्रणेत ढवळाढवळ केली असेल, तर कंपनीला बचाव मिळतो.

म्हणून अपघातानंतर गाडी घाईनं दुरुस्तीला देऊ नये. आधी विमा कंपनीला आणि उत्पादकाला लेखी कळवावं, गाडीतली नोंद जपून ठेवावी अशी मागणी करावी, डॅशकॅमचं चित्रण वेगळं साठवून ठेवावं. ब्रेक कधी लागला, यंत्रणा चालू होती का, चालकानं पेडल दाबलं होतं का, हे त्या नोंदीतच सापडतं. फ्लोरिडातल्या खटल्यातही गाडीतली नोंद हा महत्त्वाचा पुरावा होता. ती नष्ट झाली, तर यंत्रणा चुकली होती हे सांगायला चालकापाशी फक्त त्याचा शब्द उरतो, आणि कोर्टात तेवढं पुरत नाही.