जमिनीलगतचे तीन इंच

डिसेंबरच्या अखेरीस आमचा एक एकर लागणीचा ऊस तुटला. वाण को ८६०३२, सरी पाच फुटी, जमीन मध्यम काळी. शेवटची खेप भरून ट्रॅक्टर बांधाबाहेर गेला तसा मी फडात उतरलो. गुडघाभर पाचट पसरले होते. ते हाताने सारून पाहिले, तर खालचे बुडखे तीन-साडेतीन इंच उभे होते. पुढच्या बेटातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. टोळीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मजुरी टनावर असते, अंधार असताना फड धरायचा आणि दिवसभर कमरेत वाकायचे. कोयता आणखी तीन इंच खाली न्यायचा म्हणजे प्रत्येक उसाला तेवढे जास्त वाकायचे. पण ते तीन इंच माझे होते, आणि त्यात दोन पिकांचा हिशोब अडकला होता.

पहिला हिशोब तुटलेल्या उसाचा. एकरात चाळीस हजार गाळपलायक ऊस धरा, प्रत्येकी सव्वा किलोच्या आसपास. आठ फुटी उसाचे तीन इंच म्हणजे बत्तिसावा भाग, साधारण चाळीस ग्रॅम. चाळीस हजारांनी गुणले की दीड टनावर वजन शेतातच राहिले. वजनापेक्षाही मला सलते ती त्यातली साखर, कारण सगळ्या उसात गोडी असते ती बुडाशीच.

असे का, हे उसाकडे नीट पाहिले की कळते. प्रत्येक पेराला एक पान असते आणि त्या पानाचा देठ त्या कांडीला वेढून बसलेला असतो. पानात तयार झालेली साखर खोडात उतरते. कांडी अजून लांबत असेल तोवर तिथले इन्व्हर्टेज नावाचे विकर त्या साखरेचे तुकडे करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनवते, आणि ते वाढीसाठी खर्ची पडते. कांडीची लांबी पुरी झाली की हा खर्च घटतो. मग येणारी साखर पेशींच्या आतल्या पोकळीत साठत जाते. ऊस वाढतो शेंड्याकडे, म्हणून कांड्या भरतात बुडाकडून. पान वाळून पाचट झाले की समजावे, त्या कांडीची वाढ केव्हाच थांबली आहे. शेंड्याची आठ-दहा हिरवी पाने आहेत तिथल्या कांड्या मात्र अजून घर बांधत असतात. त्यांच्याकडे शिल्लक कुठून येणार? गुऱ्हाळावर लहान मुलेसुद्धा शेंडा सोडून बुडखा मागतात, ते उगीच नाही.

दुसरा हिशोब खोडव्याचा. बुडखा उंच राहिला की त्याच्या जमिनीवरच्या डोळ्यांना आधी कोंब येतात आणि ते खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतात. वरच्या कोंबाची मुळी उघड्यावर, सुकलेल्या थरात सुटते. कोंब दिसतो हिरवागार, पण त्याचा पाया कच्चा असतो. पुढे खालचे डोळेही जमेल तसे उगवतात. एकाच बेटात दीड-दोन महिन्यांच्या अंतराचे ऊस उभे राहतात.

म्हणून त्याच आठवड्यात आम्ही पाचट सरीत ओढून बेटे उघडी केली आणि धारदार कोयत्याने बुडखे जमिनीलगत छाटले. धार बोथट असेल तर बुडखा उभा चिरतो आणि चिरेतून बुरशी आत शिरते. आम्ही छाटून लगेच बुरशीनाशक फवारले. पाचट जाळले नाही. त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी दिले. युरिया इथे पिकासाठी नसतो. पाचट कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी जमिनीतला नत्र ओढतात. त्यांना वेगळा घास दिला नाही तर कोवळे खोडवे पिवळे पडते.

रासायनिक खत पहारीने दिले. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशीतली ही पद्धत आता बऱ्याच गावांत रुळली आहे. बुडख्यापासून वीतभराच्या आत, वीतभर खोल भोक पाडायचे, खत सोडायचे, पायाने बुजवायचे. एक फूट पुढे दुसरे भोक. अर्धी मात्रा छाटणीनंतर पंधरा दिवसांत, उरलेली अर्धी १३० ते १३५ दिवसांनी बेटाच्या दुसऱ्या बाजूला. पाचटामुळे वरून टाकलेले खत मुळाशी पोचत नाही, म्हणून पहार. आणि दुसऱ्या मात्रेनंतर थांबायचे. पाऊस उघडल्यावर पीक अजून काळे दिसावे म्हणून पुन्हा युरिया टाकणारे आहेत. तेव्हा दिलेला नत्र उसाला परत वाढीला लावतो, बुडातून पाणकोंब निघतात आणि साठू लागलेली साखर तिकडे खर्च होते.

छाटणीच्या दिवशी अंधार पडल्याने बांधाकडच्या दोन सऱ्या तशाच राहिल्या, आणि पुढे कामांच्या गर्दीत राहूनच गेल्या. त्यांनीच मला सगळ्यात जास्त शिकवले.

ऑक्टोबरच्या शेवटी हातातले ब्रिक्समीटर घेऊन गेलो. कांडीला टोचून रसाचा एक थेंब काचेवर घ्यायचा, झाकण दाबायचे, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे येते ते वाचायचे. छाटलेल्या सरीतला ऊस बुडाला २०, शेंड्याकडे १३. शेंड्याच्या आकड्याला बुडाच्या आकड्याने भागले की ०.६५. हा भागाकार एकाच्या जवळ आला की ऊस पक्व. एकाच्या वर गेला की बुडातली साखर उतरू लागली. त्यानंतर थंडी पडली. रात्री गारठा वाढला की वाढ मंदावते, पण दिवसा ऊन असल्याने पाने साखर करतच राहतात. खर्च थांबतो, आवक चालू राहते. तोडणीआधी तीन आठवडे पाणीही तोडले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोच आकडा बुडाला २१.५, शेंड्याकडे २० आला, भागाकार ०.९३.

न छाटलेल्या सरीत त्याच दिवशी एका बेटातले तीन ऊस तपासले. एक जवळपास तयार होता. दुसरा मध्यम. तिसरा, उशिरा आलेला, बुडाला १८ आणि शेंड्याकडे १२. बाहेरून तिन्ही सारखेच जाड. ब्रिक्समीटर रसात विरघळलेले सगळेच मोजते, निव्वळ साखर नव्हे. कोवळ्या उसाच्या १२ मध्ये ग्लुकोज-फ्रुक्टोजचा वाटा मोठा असतो आणि त्याची दाणेदार साखर होत नाही. म्हणजे खरा फरक आकड्यांपेक्षा जास्तच होता. असे तीन वयांचे बेट केव्हा तोडायचे? थोरल्याची वेळ धरली तर धाकटा कच्चा जातो, धाकट्यासाठी थांबले तर थोरल्याची साखर उतरते.

हे फार कुणी पाहत नाही, कारण एकेका शेतकऱ्याच्या उसाचा उतारा वेगळा धरून पैसे मिळत नाहीत. एफआरपी कारखान्याच्या उताऱ्यावर ठरते आणि आपल्या पदरात पडते ते आपले वजन. पण वजनाचाच विचार केला तरी दीड टन जमिनीत सोडून द्यायला कुणाची तयारी असते? यंदा टोळी आली तेव्हा मुकादमाला आधीच सांगितले, सऱ्यांतले दगड आणि वेल काढून दिले, कारण कोयता दगडावर आपटेल या भीतीनेही तोडणारा वरूनच घाव घालतो. बुडखे अंगठ्याएवढे राहिले. छाटणीला दोन दिवसांऐवजी एक पुरला.

तुमच्या फडात टोळी येईल त्या दिवशी बांधावर खुर्ची टाकू नका. पहिल्या दोन सऱ्या तुटेपर्यंत आत उभे राहा, पाचट सारा आणि बुडखा बोटांनी मोजा. जास्त असेल तर तेव्हाच सांगा. ट्रॅक्टर गेल्यावर सांगून उपयोग नसतो.