विसर्जनाची पाळी जमणार नाही? बदली माणूस असा शोधा

चेणे नदीवरच्या गणेश विसर्जनाला स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय आणि आता येणं शक्य नाही, तर आधी समन्वयकांना फोन करा. ग्रुपवर टाकलेला ‘सॉरी’ आरतीच्या फोटोंखाली गाडला जातो.

बदली शोधताना पंचांग कामाला येतं. दीड दिवसाचा गणपती असलेली मंडळी पाचव्या दिवशी बहुधा मोकळी असतात. गौरीवाल्या घरांना मात्र गौरी विसर्जनाच्या दिवशी विचारूच नका, हो म्हणतील आणि अडकतील! दुसरं, माणूस काजूपाडा-वरसावे बाजूचा बघा. ठाण्याहून येणारा घोडबंदर रोडवर कधी अडकेल, सांगता येत नाही.

काम बघूनच माणूस द्या. निर्माल्य वेगळं करायला कुणीही चालेल. हार-फुलं एकीकडे, प्लास्टिक आणि थर्माकोल दुसरीकडे, एवढंच. पाण्याजवळची पाळी मात्र पोहता येणाऱ्यालाच, आणि तीही समन्वयकांनी होकार दिल्यावर.

समोरच्याने स्वतः ‘येतो’ म्हटल्याशिवाय नाव कळवू नका. मग समन्वयकांना असा मेसेज करा: “दादा, पाचव्या दिवशी संध्याकाळी ६ ते १०, निर्माल्याची माझी पाळी जमणार नाही. माझ्याऐवजी माझा मावसभाऊ येईल, त्याच्याशी बोलणं झालंय. नंबर पाठवतोय. जॅकेट आणि ओळखपत्र आज तुमच्याकडे देतो.”

ओळखपत्र परस्पर बदली माणसाला देऊ नका, त्यावर नाव तुमचं असतं. आणि दादांचं ‘ठीक आहे’ येईपर्यंत पाळी तुमचीच.