पॉडकास्टचा आवाज नेमका मोजायचा कशाने?

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच आवाजासाठी तीन वेगवेगळे आकडे दिसतात: पीक, सरासरी म्हणजे आरएमएस, आणि लाउडनेस म्हणजे एलयूएफएस. तिन्ही डेसिबलच्याच मापात असतात, पण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे.

पीक मीटर फक्त लाटेचा सर्वांत उंच क्षण दाखवतो. डिजिटल ध्वनीत शून्य डेसिबल हे छत. त्याच्या वर काही साठवता येत नाही, आवाज फाटतो. फाटण्याचा धोका ओळखायला हा मीटर हवाच. मात्र निवेदिका संथ बोलत असताना एकदाच खळखळून हसली, तर पीक उणे १ दाखवतो आणि तिचे बाकीचे सगळे बोलणे त्याच्या कितीतरी खाली राहते. ‘नॉर्मलाइझ’चे बटण पीकवर लावून भाग चढवायला गेले की काहीच वाढत नाही, ते याच कारणाने.

आरएमएस ठरावीक काळातली सरासरी ऊर्जा मोजतो, त्यामुळे तो कानाच्या जास्त जवळ जातो. पण त्याला सगळे स्वर सारखेच. पंख्याची घरघर किंवा माइकवर आदळलेला ‘प’, ‘भ’चा श्वास यांत खर्जातली ऊर्जा भरपूर असते आणि आकडा फुगतो. कानाला मात्र खर्ज कमी ऐकू येतो. शिवाय संपूर्ण भागाची सरासरी काढली तर बोलण्यातल्या शांत जागाही तिच्यात मिसळतात आणि आकडा खाली ओढतात.

या दोन्ही उणिवा एलयूएफएस बऱ्याच अंशी भरून काढतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये बीएस.१७७० हे मानक काढले, त्यावर तो आधारलेला आहे. मोजण्याआधी ध्वनी एका फिल्टरमधून जातो. तिथे खर्ज कापला जातो आणि शब्दांची स्पष्टता ज्यात असते ते वरचे स्वर थोडे उचलले जातात. मग ४०० मिलिसेकंदांच्या एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांची ऊर्जा मोजतात. उणे ७० च्या खालचे तुकडे शांतता म्हणून वगळतात. उरलेल्यांची सरासरी काढून, तिच्याहूनही १० एककांनी खाली असलेले तुकडे पुन्हा वगळतात. मानकाच्या नंतरच्या आवृत्तीत आलेल्या या गाळणीला ‘गेट’ म्हणतात. शेवटी उरतो तो ‘इंटिग्रेटेड’ आकडा. अ‍ॅपल पॉडकास्ट्सची शिफारस याच आकड्यासाठी आहे: उणे १६ च्या आसपास, एक डेसिबल इकडे-तिकडे.

म्हणून संपूर्ण भागाचा निवाडा करताना विश्वास इंटिग्रेटेड एलयूएफएसवरच ठेवावा. पण तोही फसवू शकतो, आणि फसवतो तो गेटमुळेच.

समजा, एका मुलाखतीत निवेदिका आणि पाहुणा निम्मा-निम्मा वेळ बोलतात. तिचा आवाज उणे १६ वर आहे, फोनवरून बोलणाऱ्या पाहुण्याचा उणे ३२ वर. दोघांची एकत्र सरासरी उणे १९ च्या जवळ येते, म्हणजे गेट लागतो उणे २९ च्या आसपास. पाहुण्याचे बोलणे त्याच्या खाली, त्यामुळे ते मोजणीतून पूर्ण वगळले जाते. मीटर दाखवतो उणे १६, अगदी हवा तो आकडा. ऐकणाऱ्याला मात्र दर प्रश्नोत्तराला आवाज कमी-जास्त करावा लागतो.

हा दोष सापडतो ‘शॉर्ट-टर्म’ मीटरवर. तो मागच्या तीन सेकंदांचाच लाउडनेस दाखवतो. भाग चालू ठेवून दोघांची सलग वाक्ये पाहिली की उणे १६ आणि उणे ३२ ही दरी लगेच समोर येते. उपाय संपूर्ण मिक्सवर नव्हे, मूळ ट्रॅकवर करायचा. दोघांचे ट्रॅक वेगळे मोजावेत आणि पाहुण्याचा उचलावा. उचलताना फोनची खरखरही तेवढीच वर येते, म्हणून आधी ती साफ केलेली बरी.

आवाज जुळल्यावर राहतो शेवटचा हिशेब. एक लाउडनेस एकक म्हणजे एक डेसिबल. तयार मिक्स उणे २२ वर असेल तर ६ डेसिबल चढवावे लागतात. त्याचे पीक उणे ४ असेल, तर ते अधिक २ वर जाऊन छत फोडेल. इथे पीक मीटरचे काम सुरू होते. लिमिटर लावून पीक उणे १ वर रोखावे, म्हणजे त्या मोजक्या उंच क्षणांतून ३ डेसिबल छाटले जातात. यासाठी मीटर ‘ट्रू पीक’ प्रकारचा हवा. साधा मीटर फक्त नमुने पाहतो, पण ध्वनी परत उमटताना दोन नमुन्यांच्या मधली लाट त्यांच्याहून उंच जाऊ शकते, आणि एमपी३ करताना ती आणखी सरकते. लिमिटरनंतर इंटिग्रेटेड आकडा किंचित उतरतो, म्हणून पूर्ण भाग पुन्हा एकदा मोजावा.