दोन-शिक्षकी शाळेतला पहिला महिना

पवित्र पोर्टलवरून निवड होते, समुपदेशनात शाळा मिळते आणि नवा शिक्षण सेवक नियुक्तीचा आदेश घेऊन एखाद्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू होतो. शाळा पहिली ते चौथी, पट २३, शिक्षक दोन. महिन्याला १६ हजार रुपये मानधनावर तीन वर्षे काढायची, मग नियमित वेतनश्रेणी. डी.एड. करताना पाठ टाचण काढायला तो शिकलेला असतो. पण दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापक बाई तालुक्याला बैठकीला जातात आणि आख्खी शाळा त्याच्या ताब्यात येते. नव्या शिक्षकासाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तिका खरी उपयोगी पडते ती अशा दिवशी. नुसते शासन निर्णय एकामागून एक छापले तर ती कपाटात पडून राहते. म्हणून ती कामे ज्या क्रमाने अंगावर येतात, त्याच क्रमाने लिहायला हवी.

सकाळी परिपाठ झाला की हजेरी घ्यायची. या हजेरीवरच दुपारचे जेवण उभे असते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. २३ पैकी १९ मुले आली, तर स्वयंपाकी ताईंना एक किलो ९०० ग्रॅम तांदूळ मोजून द्यायचा. अन्न शिजल्यावर मुलांना वाढण्याआधी स्वतः चव घ्यायची, नोंदवहीत सही करायची आणि तोच आकडा मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये भरायचा.

गडबड होते ती नेमकी इथेच. दोन मुले उशिरा येतात, त्यांची हजेरी लागते, पण अ‍ॅपमध्ये आकडा जुनाच जातो. असे आठवडाभर झाले की कोठीतला तांदूळ आणि वहीतली शिल्लक यांचा मेळ बसत नाही. पुस्तिकेने यावर साधी सवय सांगावी: शाळा सुटण्यापूर्वी हजेरीपत्रक, आहार नोंदवही आणि अ‍ॅप यांतले आकडे शेजारी ठेवून पाहायचे आणि दर शनिवारी कोठीतला तांदूळ प्रत्यक्ष तोलायचा. फरक आठवड्यात कळला तर त्याचे कारण सापडते. तीन महिन्यांनी कळला तर नुसता खुलासा लिहीत बसावे लागते.

दप्तर म्हणजे शाळेच्या सगळ्या नोंदवह्या, आणि त्या बऱ्याच असतात. पण पुस्तिकेत सर्वांना सारखीच पाने देऊ नयेत. निम्मी पाने एकट्या जनरल रजिस्टरला द्यावीत. गावाकडे त्याला दाखल-खारीज रजिस्टर किंवा प्रवेश निर्गम नोंदवही असेही म्हणतात. मुलाचे नाव, वडिलांचे आणि आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख हे सगळे त्यात एका ओळीत येते. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून निघतो आणि त्यावर पुढचे आयुष्य चालते.

या ओळीचे वजन किती, हे २०२३मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा महसुली कागदांबरोबर जुन्या शाळांची रजिस्टरेही कपाटातून बाहेर निघाली. जातीच्या दाव्यात इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखा महत्त्वाच्या धरल्या जातात. त्यामुळे आजोबांच्या शाळेतली एक ओळ नातवाच्या कामी येते. त्या ओळी तेव्हाच्या गुरुजींनी टाकाने लिहिलेल्या आहेत. आजचा शिक्षक लिहितो ती ओळही अशीच कधीतरी कुणाला तरी लागणार आहे.

म्हणून इथले नियम कडक असायला हवेत. पालकाने तोंडी सांगितलेले जन्माच्या दाखल्याशी पडताळल्याशिवाय लिहू नये. खाडाखोड नको, पांढरी शाई तर मुळीच नको. चूक झालीच तर मूळ अक्षर वाचता येईल असे ठेवून मुख्याध्यापकांना लगेच दाखवावे. नाव, जात किंवा जन्मतारखेतला बदल सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय करायचा नाही. आदेश आला की त्याचा क्रमांक आणि दिनांक शेऱ्याच्या रकान्यात लिहायचा. सरपंचांनी गळ घातली तरी यात सूट नाही.

धोरणांचे प्रकरण कलमांपेक्षा एखाद्या प्रसंगातून चांगले उलगडते. समजा, नोव्हेंबरात शेजारच्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या कुटुंबातली नऊ वर्षांची मुलगी शाळेत आली. हातात ना दाखला, ना आधार कार्ड. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे वयाचा पुरावा नाही किंवा दाखला यायला वेळ लागतो म्हणून तिला परत पाठवता येत नाही. बसवायचे ते वयानुरूप वर्गात, म्हणजे चौथीत.

पण नवा शिक्षक उत्साहाच्या भरात तिचे नाव लगेच जनरल रजिस्टरला चढवतो आणि पोर्टलवर नवी विद्यार्थिनी म्हणून भरतो. तिचे नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर असतेच, त्यामुळे एकाच मुलीच्या दोन नोंदी होतात. म्हणून आधी पालकांना विचारायचे की, हंगाम संपल्यावर गावी परतणार का? परतणार असतील तर मूळ शाळेला फोन करून शिक्षण हमी कार्डाची चौकशी करायची, मुलीची हजेरी वेगळ्या यादीत ठेवायची आणि तिच्या जेवणासह सर्व गोष्टी केंद्रप्रमुखांना लेखी कळवायच्या. कुटुंब कायमचेच आले असेल तर मूळ शाळेकडे ऑनलाइन विनंती करून तिचे नाव मागवायचे. दोन्ही वेळा मुलगी पहिल्या दिवसापासून वर्गात बसते, फरक पडतो तो फक्त कागदात.

एका बाबतीत मात्र पुस्तिकेने मोठ्या अक्षरात लिहावे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर पोक्सो कायदा २०१२ नुसार ती माहिती पोलिसांना देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणजे शिक्षकाची जबाबदारी संपत नाही, आणि ‘गावात मिटवून घेऊ’ हा मार्ग कायद्याला मान्य नाही. माहिती दडवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. मुलाला खोदून खोदून विचारायचे नाही, त्याचे नाव कुठे फुटू द्यायचे नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक वर्गात लावायचा.

मदतीच्या पानावर पदांची उतरंड छापून भागत नाही, कुठले काम कुणाकडे हे तिथे लिहिलेले हवे. पहिली पायरी केंद्रप्रमुखांची: दहा-बारा शाळा तेच पाहतात आणि शिक्षण परिषद तेच भरवतात. चौथीचे मूल वाचत नसेल तर गट साधन केंद्रातला विषयतज्ज्ञ किंवा डाएटचे अधिव्याख्याते. मानधन अडले तर शालार्थ पाहणारा तालुक्याचा लिपिक, आणि तिथेही काम झाले नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज. खोलीचे पत्रे गळत असतील तर विषय आधी शाळा व्यवस्थापन समितीत घ्यायचा. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि ठरावाची प्रत जोडली की पंचायत समितीत कागद पुढे सरकतो. या पानावर नावे-क्रमांक पेन्सिलने लिहायला जागा ठेवावी, कारण बदल्यांनंतर ती बदलतात.

त्याच बदल्यांमुळे शेवटचे प्रकरण कार्यभाराचे असावे. मुख्याध्यापक बाईंची बदली झाली की चार्ज वर्षभरापूर्वी आलेल्या शिक्षकाकडे येतो. निरोप समारंभ उरकतो, गाडी बाहेर उभी असते आणि यादी सहीसाठी समोर येते. डेड स्टॉकमधली प्रत्येक वस्तू हात लावून मोजावी, जनरल रजिस्टरचे सगळे खंड पहिल्यापासून आहेत का ते पाहावे, बँकेच्या पासबुकातली शिल्लक कीर्दीशी ताडून घ्यावी. जे सापडले नाही त्याच्यासमोर ‘प्रत्यक्षात आढळून आले नाही’ असे लिहावे, बाईंचीही तिथे सही घ्यावी आणि मगच खाली आपली सही करावी.