पोर्ट्रेट मोड आणि केसांची कड

फोनचा सेन्सर लहान असल्याने चेहऱ्यामागची पार्श्वभूमी लेन्समुळे फारशी धूसर होत नाही. पोर्ट्रेट मोड ही धूसरता गणिताने तयार करतो. फोन दृश्याचा खोली-नकाशा बनवतो, माणूस वेगळा ओळखतो आणि उरलेला भाग पुसट करतो. हा नकाशा मूळ फोटोपेक्षा बराच ढोबळ असतो. त्यामुळे खांद्याची कड नीट सुटते, पण सुटी बट त्यात मावत नाही.

कुरळे केस मोकळे सोडलेली व्यक्ती झाडासमोर उभी असेल, तर बटांची टोके पार्श्वभूमीत विरघळतात आणि केसांमधल्या फटींतली पाने मात्र स्पष्ट राहतात. डोक्याभोवती कात्रीने कापल्यासारखी कड दिसते. सिनेमॅटिक व्हिडिओत ही कड प्रत्येक फ्रेमला थोडी बदलते, म्हणून मान वळताच ती थरथरते.

अशा वेळी मागे साधी, केसांपेक्षा वेगळ्या छटेची भिंत असलेली बरी. आयफोनमध्ये फोटो काढल्यानंतरही धूसरता बदलता येते. एडिटमध्ये f/1.4 ऐवजी f/5.6 निवडल्यास धूसरता कमी होऊन चूक झाकली जाते. तरीही कड खटकली, तर पोर्ट्रेट परिणाम बंद करून साधा फोटो ठेवता येतो.